तापलेलं बाळ, पांढऱ्या पेशी आणि प्रोकॅल्सिटोनिन

चार वर्षांचं पोर १०२ ताप अंगात घेऊन दवाखान्यातल्या बाकावरून उड्या मारत असेल, तर डॉक्टर फारसे बिचकत नाहीत. घसा बघतात, छाती तपासतात, पॅरासिटामॉल लिहून देतात आणि दोन दिवसांनी दाखवायला सांगतात. पण तेच डॉक्टर सहा आठवड्यांच्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट भरला की गप्प होतात. म्हणजे जेमतेम ३८ अंश सेल्सिअस. आजी म्हणते, "दुपट्यात गुंडाळलं होतं म्हणून अंग गरम लागतंय." डॉक्टर म्हणतात, "असेल आजी, पण रक्त तपासायला हवं." घरच्यांना हे अती वाटतं. त्यात डॉक्टरांचा काही दोष नाही. त्या वयात आजार आपलं खरं रूप दाखवत नाही, एवढीच अडचण आहे.

मोठ्या माणसाला मेंदुज्वर झाला तर मान आखडते. सहा आठवड्यांच्या बाळाची मान बहुधा आखडत नाही. रक्तात जंतू शिरलेलं बाळ कधी निपचित पडतं, पण कधी ते फक्त जरा कमी पितं आणि जरा जास्त किरकिरतं. साध्या सर्दीचं बाळही नेमकं हेच करतं. अमेरिकेतल्या मुलांच्या आपत्कालीन विभागांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात साठ दिवसांपर्यंतची ४३१३ तापलेली बाळं होती. त्यांतल्या ९७ बाळांच्या रक्तात किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू सापडले. शंभरात दोन-सव्वादोन. बाकीच्यांचा ताप बहुतेक विषाणूंचा, आणि काहींचा लघवीतल्या जंतूंचा. ती दोन बाळं त्या शंभरांतून वेगळी कशी काढायची, हा प्रश्न गेली चाळीस वर्षं बालरोगशास्त्राला छळतो आहे. रक्ताच्या रिपोर्टवरचे दोन आकडे, पांढऱ्या पेशींची संख्या आणि प्रोकॅल्सिटोनिन, त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा दावा करतात. पुढचे लेख वाचण्याआधी हे दोन आकडे कुठून येतात आणि कुठे फसवतात, ते नीट पाहून घ्यायला हवं.

पांढऱ्या पेशींचा दरारा जुना आहे. 'पेशी वाढल्यात' हे वाक्य आता डॉक्टरांपेक्षा रुग्णांच्याच तोंडी जास्त असतं. सीबीसीचा कागद हातात पडला की नजर पहिल्यांदा त्या ओळीवर जाते आणि आकडा अकरा हजारांवर असला की घरात एकच चर्चा सुरू होते: इन्फेक्शन आहे, मग अँटिबायोटिक हवंच. तान्ह्या बाळांच्या बाबतीत या समजुतीला शास्त्राचाही आधार होता. १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या डॉक्टरांनी काही निकष मांडले. बाळ पूर्ण दिवसांचं, दिसायला ठणठणीत, लघवी स्वच्छ आणि पांढऱ्या पेशी ५ हजार ते १५ हजारांच्या दरम्यान असतील, तर गंभीर जंतुसंसर्गाची शक्यता कमी. हे निकष जगभर पोचले. पंधरा हजारांची रेषा पाठ्यपुस्तकांत गेली, तिथून वॉर्डांत आणि तिथून निवासी डॉक्टरांच्या डोक्यात.

नंतर ती रेषा कोणी स्वतंत्रपणे तपासून पाहिली, तेव्हा तिची लाज गेली. वर सांगितलेल्या त्याच अमेरिकी अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, जंतूंनी रक्त किंवा मेंदूपर्यंत मजल मारलेल्या बाळांपैकी फक्त २७ टक्के बाळांच्या पेशी पंधरा हजारांवर गेल्या होत्या. पाच हजारांखाली उतरलेली होती १० टक्के. म्हणजे वरची आणि खालची अशा दोन्ही रेषा लावल्या तरी शंभरातली सदतीस बाळं हाती लागतात. उरलेली त्रेसष्ट 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन समोर उभी असतात. नाणं उडवूनही यापेक्षा जास्त सापडली असती.

असं का होतं, हे कळायला पेशी मोजतात कशा आणि त्या असतात कुठे, हे बघावं लागतं. शरीरात संरक्षणाची पहिली फळी असलेल्या न्यूट्रोफिल पेशींपैकी जवळपास निम्म्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात. सुईतून येणाऱ्या रक्तात त्या येत नाहीत, म्हणून मोजल्याही जात नाहीत. अ‍ॅड्रिनॅलिन वाढलं की त्या भिंत सोडून प्रवाहात येतात आणि काही मिनिटांत आकडा फुगतो. आता रक्त काढतानाचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. नर्सने बाळाचा हात धरलाय, शीर सापडत नाहीये, तिसऱ्यांदा सुई टोचली जातेय आणि बाळ लालबुंद होऊन टाहो फोडतंय. त्या नळीत गेलेल्या रक्तातल्या पेशी थोड्याफार त्या रडण्यानेच वाढलेल्या असू शकतात. स्टेरॉइड दिलं, झटके आले, तरी हेच.

उलट बाजूने, तान्ह्या बाळाच्या हाडांतल्या मज्जेत पेशींचा साठा मोठा नसतो. जंतूंचा जोर फार असला तर तो साठा लवकर संपतो आणि आकडा वाढण्याऐवजी घसरतो. घसरताना तो मध्ये कधीतरी 'नॉर्मल'मधून जातो. नेमकं त्याच वेळी रक्त काढलं, तर रिपोर्ट छान येतो आणि बाळ अत्यवस्थ असतं. नवजात बाळात आणखी एक गंमत, म्हणजे खरं तर गफलत, होते. त्यांच्या रक्तात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी फिरत असतात आणि काही मोजणी यंत्रं त्यांना पांढऱ्या समजून बेरजेत धरतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी निरोगी बाळाच्या पेशीही तीस हजारांपर्यंत असू शकतात. ही माहिती नसलेल्या कोणी तो कागद पाहिला तर पुढचे पाच दिवस बाळाच्या हाताला सलाइन लागलेलं असतं.

एकूण आकड्यापेक्षा त्याच्या पोटातली विभागणी जास्त बोलकी असते, हे इथेच सांगायला हवं. एकूण पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणलं की न्यूट्रोफिलची नेमकी संख्या मिळते. तान्ह्या बाळांत ती साधारण चार हजारांच्या आत असावी, असं आजचे निकष मानतात. सीबीसीच्या कागदावर ही संख्या कधी छापलेली असते, कधी नसते. पण गुणाकार कोणालाही येतो.

आता दुसरा आकडा. प्रोकॅल्सिटोनिनचा जन्म संसर्गाच्या शोधातून झालेला नाही. थायरॉइड ग्रंथीतल्या काही पेशी कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक बनवतात. ते तयार होण्याआधीची ११६ अमिनो आम्लांची लांब साखळी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. ग्रंथीच्या आत ती साखळी कापली जाते आणि ३२ अमिनो आम्लांचं कॅल्सिटोनिन बाहेर पडतं. निरोगी माणसाच्या रक्तात न कापलेली साखळी जवळजवळ नसतेच. एका मिलिलिटरमध्ये ०.१ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी.

जंतूंचा हल्ला झाला की मात्र चमत्कारिक गोष्ट घडते. जंतूंच्या भिंतीतली विषं आणि दाहाचे संदेश देणारे रेणू यकृत, फुप्फुसं, चरबी अशा भलत्याच ठिकाणी तोच जनुक जागा करतात. या ऊतींना साखळी बनवता येते, पण ती कापण्याची आणि साठवण्याची सोय त्यांच्याकडे नाही. मग न कापलेलं प्रोकॅल्सिटोनिन सरळ रक्तात ओतलं जातं, दहापट, शंभरपट, कधी हजारपट. शस्त्रक्रियेने थायरॉइड काढून टाकलेल्या माणसालाही सेप्सिस झाला तर ते वाढतं, कारण ते तिथून येतच नसतं. विषाणूच्या संसर्गात शरीर गॅमा इंटरफेरॉन बनवतं आणि ते या उत्पादनाला लगाम घालतं. पांढऱ्या पेशी आणि हा रेणू यांच्यातला खरा फरक इथे आहे. पेशी कोणत्याही ताणाला प्रतिसाद देतात. प्रोकॅल्सिटोनिनला जंतू आणि विषाणू यांच्यात थोडाफार भेद करता येतो, कारण एक त्याला उचलतो आणि दुसरा दाबतो.

हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं पॅरिसमध्ये. १९९३ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात क्लोद बोहुऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. त्यात संसर्गाचा संशय असलेली ७९ मुलं होती. गंभीर जंतुसंसर्ग असलेल्या १९ मुलांत प्रोकॅल्सिटोनिन ६ ते ५३ नॅनोग्रॅम निघालं आणि अँटिबायोटिक लागू पडताच झपाट्याने उतरलं. विषाणूचा संसर्ग झालेल्या २१ मुलांपैकी १८ मुलांत ते दीडच्या आत राहिलं. त्या निबंधातली एक नोंद मात्र नंतरच्या उत्साहात मागे पडली. ज्यांचा जंतुसंसर्ग एकाच जागी मर्यादित होता, रक्तात पसरला नव्हता, अशा मुलांतही आकडा कमीच होता. म्हणजे हा रेणू 'जंतू आहेत का' यापेक्षा 'जंतूंनी सगळं शरीर ढवळलंय का' हे जास्त चांगलं सांगतो. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून समोर होती.

तान्ह्या बाळांवर मोठा अभ्यास फ्रान्समध्येच झाला. पंधरा आपत्कालीन विभागांत ७ ते ९१ दिवसांची २०४७ तापलेली बाळं तपासली गेली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. रक्तातला आणि मेंदूभोवतीचा जंतुसंसर्ग ओळखण्यात प्रोकॅल्सिटोनिन सीआरपीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं, आणि ०.३ च्या खालचा आकडा असेल तर असा संसर्ग असण्याची शक्यता साधारण दशांशावर येते असं दिसलं. सीआरपी हा आपल्याकडे सर्रास केला जाणारा दाहाचा आकडा. तो वाढायला बारा तास आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस घेतो. प्रोकॅल्सिटोनिन चार तासांत चढायला लागतं. ताप येऊन पाच-सहा तासच झालेल्या बाळाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे.

दोन बाळं समोर ठेवू. दोन्ही कल्पनेतली, पण त्यांचे आकडे वॉर्डात रोज दिसतात तसे.

पहिलं बाळ ४५ दिवसांचं. पूर्ण दिवसांनी जन्मलेलं, चार वर्षांच्या दादाला सर्दी. काल संध्याकाळपासून ताप, आता १०१ फॅरनहाइट. नाक चोंदलंय, पण अंगावर पितंय, रंग गुलाबी, हात लावला की डोळे उघडून बघतंय. पांढऱ्या पेशी १७,६००. आजीच्या जिवाला घोर लागतो. पण विभागणी पाहिली तर न्यूट्रोफिल फक्त २० टक्के आणि लिम्फोसाइट ७० टक्के. १७,६०० चे २० टक्के म्हणजे ३,५२०. चार हजारांच्या आत. प्रोकॅल्सिटोनिन ०.११. बारीक नळी घालून घेतलेली लघवी स्वच्छ.

दुसरं बाळ ४० दिवसांचं. नऊ तासांपासून ताप, १००.८. सर्दी नाही, खोकला नाही. दिसायला बरं, आई म्हणते, "रोज पितो त्यापेक्षा थोडं कमी प्यायला, एवढंच." पांढऱ्या पेशी ८,२००, अगदी आदर्श. न्यूट्रोफिल ४२ टक्के, म्हणजे ३,४४४. लघवी स्वच्छ. रॉचेस्टरच्या चाळणीतून हे बाळ अलगद निसटून घरी गेलं असतं. प्रोकॅल्सिटोनिन मात्र ५.२ आहे. इथे बाळाला दाखल करायचं, रक्ताचं कल्चर लावायचं, पाठीतलं पाणी तपासायचं आणि उत्तराची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं. सोळा तासांनी कल्चरच्या बाटलीत ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस वाढलेला दिसतो.

पहिल्या बाळाला काय? अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे २९ ते ६० दिवसांच्या ठीक दिसणाऱ्या बाळाचा ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर नसेल, प्रोकॅल्सिटोनिन ०.५ च्या आत, न्यूट्रोफिल चार हजारांच्या आत आणि लघवी स्वच्छ असेल, तर पाठीत सुई घालायची गरज नाही आणि अँटिबायोटिकचीही नाही. रक्ताचं कल्चर लावून बाळ घरी जाऊ शकतं. अट एकच, पण ती कडक: चोवीस ते छत्तीस तासांत ते पुन्हा तपासलं गेलं पाहिजे. फोन लागेल आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येईल, अशी व्यवस्था नसलेल्या घराला ही सवलत लागू होत नाही. १७,६०० हा आकडा या निर्णयात कुठेच आला नाही, याकडे लक्ष द्यावं. त्याच्या पोटातले ३,५२० तेवढे आले.

तीन आठवड्यांच्या आतल्या बाळाला मात्र हे मार्गदर्शन कोणत्याही रक्ताच्या आकड्यावर सोडत नाही. ८ ते २१ दिवसांचं बाळ तापलं, तर प्रोकॅल्सिटोनिन कितीही सुंदर असो, सगळ्या तपासण्या, दाखल करणं आणि अँटिबायोटिक, हे ठरलेलं. या वयात चुकलेल्या एका बाळाची किंमत फार मोठी असते आणि कोणताही रेणू शंभरातली शंभर बाळं पकडत नाही.

वरच्या गोष्टीत दुसरं बाळ प्रोकॅल्सिटोनिनने वाचवलं, म्हणून त्या रेणूची आरती ओवाळावी असं वाटू शकतं. थोडं गणित केलं की तो मोह कमी होतो. समजा, हजार तापलेली बाळं आहेत आणि त्यांतल्या वीसांच्या रक्तात जंतू आहेत. समजा, ही तपासणी शंभरातले पंच्याऐंशी खरे रुग्ण पकडते आणि रक्तात जंतू नसलेल्या शंभरातल्या पंधरा बाळांवर उगाच बोट ठेवते. ही बऱ्यापैकी चांगली तपासणी झाली. तरीही वीसातले सतरा सापडतील आणि ९८० मधले १४७ खोटे निघतील. म्हणजे आकडा वाढलेल्या १६४ बाळांपैकी खरी आजारी फक्त १७, दहातलं एक. आकडा कमी आलेल्या ८३६ बाळांत मात्र निसटलेली फक्त तीन. वाढलेला आकडा निदान करत नाही, तो पुढच्या तपासण्यांचं दार उघडतो. जास्त उपयोग कमी आलेल्या आकड्याचा, आणि तोही बाळ ठीक दिसत असेल तरच. मलूल, निळसर, झटके आलेल्या बाळात जंतूंची शक्यता आधीच इतकी वर असते की ०.२ च्या आकड्याने ती पुरेशी खाली येत नाही. अशा बाळाचं रक्त तपासणीला पाठवावं, पण रिपोर्टसाठी अँटिबायोटिक थांबवू नये.

मग ते तीन निसटतात कसे? पहिलं कारण घड्याळ. ताप येऊन दोन-तीन तासच झाले असतील, तर प्रोकॅल्सिटोनिन अजून चढलेलं नसतं. दिसायला बरं बाळ थांबवून घेऊन काही तासांनी दुसरा नमुना पाठवणं यात कमीपणा नाही. पहिला ०.२ आणि सहा तासांनी १.८ आला, तर त्या चढणीने पहिल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगितलं. रिपोर्टवर नमुन्याची वेळ असते, ताप सुरू झाल्याची नसते. ती डॉक्टरने विचारून शेजारी लिहावी लागते.

दुसरं कारण जागा. मूत्राशयापुरता मर्यादित संसर्ग, गळू, हाडातला सुरुवातीचा संसर्ग यांत आकडा फारसा हलत नाही. म्हणून या वयात लघवीची तपासणी प्रोकॅल्सिटोनिनच्या बरोबरीने करायची, त्याच्याऐवजी नाही. ती लघवीही नीट घ्यायला हवी. आपल्याकडे सर्रास चिकटवली जाणारी प्लॅस्टिकची पिशवी त्वचेवरचे जंतू गोळा करते आणि कल्चरमध्ये भलतंच काही उगवतं. विषाणू सापडला म्हणून लघवी सोडून देण्याचाही मोह होतो. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू सापडलेल्या अमेरिकी बाळांच्या २००४ मधल्या अभ्यासात ७ टक्के बाळांना शेजारी जंतुसंसर्गही होता, बहुतेकांना लघवीचा. आरएसव्ही नसलेल्यांत हे प्रमाण १२.५ टक्के होतं. म्हणजे विषाणू सापडणं दिलासा देतं, हमी देत नाही.

उलट फसगतही होते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत निरोगी बाळाचंही प्रोकॅल्सिटोनिन आपोआप चढतं आणि दहाच्या वर जाऊ शकतं. त्या वयासाठी तासागणिक वेगळा आलेख वापरावा लागतो, मोठ्यांची रेषा लावली तर निम्मा प्रसूती विभाग सेप्सिसमध्ये जाईल. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, उष्माघात यांनी ते वाढतं. मलेरियातही वाढतं, आणि मलेरियाचा परजीवी जंतूही नाही, विषाणूही नाही. कोविडनंतर मुलांमध्ये दिसलेल्या सर्वांगी दाहाच्या आजारात ते भरमसाट वाढलेलं सापडायचं.

आणि एक धोका असा, की त्यात दोन्ही आकडे निर्दोष असतात. जन्मावेळी लागण झालेलं हर्पीस सिम्प्लेक्स. हा विषाणू आहे, त्यामुळे प्रोकॅल्सिटोनिन कमी राहू शकतं, पेशी नॉर्मल, आणि बाळाचा मेंदू किंवा यकृत काही दिवसांत उद्ध्वस्त. अंगावर पाण्याचे फोड, झटके, यकृताचे वाढलेले आकडे किंवा आईला हर्पीस असल्याचा इतिहास, यांपैकी काही दिसलं तर अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करायचं असतं. 'व्हायरल आहे' हे दोन शब्द आपल्याकडे सुटकेच्या निःश्वासासारखे उच्चारले जातात. जंतू की विषाणू हा प्रश्न आणि गंभीर की साधा हा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि रक्ताचे हे दोन्ही आकडे पहिल्याच प्रश्नाभोवती घुटमळतात.

हे सगळे निकष कोणत्या बाळांवर बेतलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. अमेरिका आणि युरोपातली, पूर्ण दिवसांनी जन्मलेली, घरून आलेली, ठीक दिसणारी बाळं. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नवजात बाळांच्या मोठ्या अभ्यासात रक्तात सापडलेले प्रमुख जंतू होते अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय, त्यांतले पुष्कळ अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारे. ती रुग्णालयात जन्मलेली आणि तिथेच आजारी पडलेली बाळं होती, तेव्हा घरच्या बाळाशी थेट तुलना नको. पण कमी वजनाचं, मुदतीआधी जन्मलेलं किंवा नवजात कक्षात राहून आलेलं बाळ समोर असेल, तर ०.५ ची रेषा उसनी घेताना हात आखडता घ्यावा. शिवाय या तपासणीला सीबीसीच्या कित्येक पट पैसे पडतात. काही ठिकाणी मिळणाऱ्या झटपट पट्ट्या ०.५ च्या खालचं काहीच दाखवत नाहीत, त्यामुळे ०.३ की ०.०५ हा फरक तिथे कळत नाही.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचं एक उत्तर रक्ताचा थेंबही न काढता दिलं गेलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नीट पिणारं बाळ आता नीट पीत नाही, रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, हातपाय लुळे पडले, अशा लक्षणांच्या जोडीवरून त्या सेप्सिसचा संशय घ्यायच्या आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन व तोंडावाटे को-ट्रायमॉक्सॅझोल द्यायच्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली होता. सेप्सिसवरचा उपचार हा त्या कामाचा एक मोठा भाग होता, एकमेव नव्हे. शहरातल्या दवाखान्यात लक्षणं स्पष्ट होण्याआधीच बाळ आणलं जातं, तिथे रेणूची मदत हवी. पण 'पितंय का' या प्रश्नाचं वजन कोणत्याही लॅब रिपोर्टपेक्षा कमी धरू नये.

मोठ्या मुलांबद्दल इथे दोनच गोष्टी. टायफॉइड हा जंतूंचा आजार, पण त्यात पांढऱ्या पेशी बहुधा नॉर्मल किंवा कमी असतात. पावसाळ्यात डेंग्यूतही त्या कमी होतात. 'पेशी कमी म्हणजे व्हायरल' हे समीकरण डोक्यात ठेवून बसलेल्याला टायफॉइड हमखास चकवतो, आणि तिथे कल्चर लागतंच.

प्रोकॅल्सिटोनिनचा एक उपयोग सुरू करण्याच्या निर्णयात नसून थांबवण्याच्या निर्णयात आहे, आणि पुढच्या लेखांत तो सविस्तर येईल. रक्तातलं त्याचं प्रमाण नवीन भर पडली नाही तर साधारण दर चोवीस तासांनी निम्मं होतं. जन्मतःच सेप्सिसच्या संशयावरून अँटिबायोटिक सुरू झालेल्या १७१० बाळांवर नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेक प्रजासत्ताकातल्या १८ रुग्णालयांनी प्रयोग केला. दोन आकडे लागोपाठ वयाच्या आलेखाच्या आत आले की औषध बंद. २०१७ मधल्या निष्कर्षांत सरासरी ६५ तासांऐवजी ५५ तास अँटिबायोटिक पुरलं. पुन्हा संसर्ग उलटणं क्वचित घडलं. मग ब्रिटनमधल्या १५ रुग्णालयांनी मुलांवर तसाच प्रयोग केला आणि तिथे शिरेतल्या अँटिबायोटिकचा काळ घटलाच नाही. तिथे औषध वेळेत थांबवण्याची शिस्त आधीच बरीच रुजलेली होती, त्यामुळे नव्या आकड्याला कमी करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. जिथे कल्चर निर्जंतुक येऊनही 'कोर्स पूर्ण करू या' म्हणून सात दिवस इंजेक्शनं चालतात, तिथे हाच आकडा काय करून दाखवेल, हे तिथेच मोजून पाहावं लागेल. तोवर ताप उतरलेल्या, पिणाऱ्या बाळाचं रक्ताचं कल्चर छत्तीस तास निर्जंतुक राहिलं असेल, तर औषध थांबवायला प्रोकॅल्सिटोनिनची वाट पाहायची गरज बहुधा नसते. कल्चरमध्ये उगवणारे खरे जंतू शंभरात पंचाण्णवांहून अधिक वेळा तोपर्यंत उगवलेले असतात.